वहीत भाजीची कृती नको, शौचाची वेळ हवी

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. रोज डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाते. दोन वर्षं पोटाची तक्रार आहे. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, मग एका सकाळी तीन-तीनदा. डॉक्टरांनी विचारलं, आठवड्यातून किती वेळा होते, कशी होते, दुखतं कधी? मला धड एकही उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, तीन आठवडे रोज लिहून काढा आणि वही घेऊन या. मी उत्साहाने सुरुवात केली, पाच दिवसांत चौदा पानं भरली आणि आता कंटाळा आलाय. पानांचे फोटो सोबत पाठवते. यात नेमकं काय लिहायचं असतं? आणि ही वही घरात कुणी वाचली तर, याची लाज वाटते ती वेगळीच.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चौदाही पानं वाचली. सोमवारच्या फ्लॉवरच्या रश्श्यात तुम्ही खोबरं भाजून घालता हे मला आता माहीत आहे. पण सोमवारी शौचाला झालं की नाही, हे काही कळलं नाही. ते वहीत नाहीच. मंगळवारी ‘आज पण नाही’ असं आहे, म्हणजे सोमवारीही झालं नसावं असा अंदाज मी बांधला. बुधवारच्या शौचाबद्दल एक ओळ आहे, ‘तीनदा जावं लागलं, पोट बिघडलं, कालची भेळ बाधली.’ गुरुवार कोरा. शुक्रवारी ‘थोडं झालं, नीट नाही.’ जेवणाला चौदा पानं आणि डॉक्टरांनी जे विचारलं त्याला मोजक्याच ओळी. कंटाळा आला तो त्यामुळेच. हे प्रमाण उलटं करा, वही दिवसाला पाच-सहा ओळींवर येईल.

सुरुवात शौचापासून करू. ‘बिघडलं’, ‘नीट नाही’, ‘बरं होतं’ हे शब्द डॉक्टरांच्या उपयोगाचे नाहीत, कारण प्रत्येकाचं ‘नीट’ वेगळं असतं. माझ्याकडे येणारे एक आजोबा दिवसातून एकदा व्यवस्थित होत असूनही ‘पोट साफ नाही’ म्हणत. तरुणपणी दोनदा व्हायची, तेव्हापासून त्यांचा हिशेब अडलेला होता. (दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही असलात आणि त्रास नसेल, तर ते नेहमीचंच धरतात.) म्हणून शब्दाऐवजी आकडा लिहायचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडले आणि ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. आज पोटाचे डॉक्टर जगभर तीच मोजणी वापरतात. तुम्ही नुसतं ‘प्रकार २’ म्हणालात तरी तुमच्या डॉक्टरांना चित्र दिसेल.

१ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारख्या सुट्या, कडक गोळ्या. २ म्हणजे त्याच गोळ्या एकमेकींना चिकटून झालेला गाठी-गाठींचा जाड तुकडा. ३ ला आकार सलग असतो, पण वरून भेगा दिसतात. ४ म्हणजे केळ्यासारखी गुळगुळीत, मऊ आणि विनासायास होणारी. ५ म्हणजे मऊ पण वेगवेगळे तुकडे, कडा नीट दिसतात. ६ मध्ये कडा फाटलेल्या, सगळं भुसभुशीत, सैलसर पिठल्यासारखं. ७ म्हणजे नुसतं पाणी. ३ आणि ४ हे साधारण ठीक. १ आणि २ बद्धकोष्ठाकडचे. ५ पासून पुढे पातळपणा वाढत जातो.

आकाराला एवढं महत्त्व का, तर तो मोठ्या आतड्यातला मुक्काम सांगतो. लहान आतड्यातून मोठ्यात येतं तेव्हा सगळं पातळच असतं. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. मुक्काम लांबला की लेंड्या होतात, घाईघाईने बाहेर पडलं की पिठलं. म्हणजे हा आकडा लिहिताना तुम्ही एका अर्थी आतल्या प्रवासाला किती वेळ लागला तेच नोंदवत असता. रोज किती वेळा जाता यापेक्षाही बऱ्याचदा हे जास्त सांगून जातं.

आकडा ठरवायला बघावं लागतं आणि इथेच बहुतेकजण चुकतात. पाणी ओतायच्या आधी बघायचं. भारतीय भांड्यात हे सोपं जातं. कमोडमध्ये मऊ शौच पाण्यात पडून लगेच विरते आणि ५ ची ६ वाटते, तेव्हा पडल्या पडल्या नजर टाका. दोन आकड्यांमध्ये अडलात तर दोन्ही लिहा, त्यावर विचार करत बसू नका.

एकाच बैठकीत दोन प्रकार झाले तर ‘१→५’ असा बाण काढा. हा बाण फार कामाचा आहे. आधी कडक, मागून पातळ, असं होत असेल तर ते नुसते जुलाब नसतात. पुढे साठून राहिलेलं निघालं आणि मागचं पातळ त्याच्यामागे आलं, असं अनेकदा असतं. पेशंटला आठवतं ते शेवटचं पातळ, आणि तो डॉक्टरांना ‘जुलाब होतात’ असं सांगतो. मग जुलाब थांबवायची गोळी मिळते आणि मूळचं बद्धकोष्ठ आणखी घट्ट होतं. चुकीच्या दिशेने औषध जायला पेशंटचं एवढं एक वाक्य पुरतं.

प्रत्येक वेळेची ओळ वेगळी हवी आणि तिच्यापुढे घड्याळातली वेळ. ‘तीनदा’ हे चालणार नाही. पहाटे साडेपाच ते साडेसातमध्ये तीनदा होणं आणि सकाळ, दुपार, मध्यरात्र असं तीनदा होणं यांचा अर्थ अगदी निराळा आहे. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. कोऱ्या जागेचा अर्थ ‘झाली नाही’ असाही होतो आणि ‘लिहायला विसरले’ असाही. तुमचा गुरुवार मी तीनदा वाचला, तरी तो यातला कोणता हे मला ठरवता आलं नाही.

त्याच ओळीत तीन अक्षरांची सोय ठेवा. कुंथावं लागलं तर ‘कुं’, झाल्यावरही आत काही राहिल्यासारखं वाटलं तर ‘रा’, धावत जावं लागलं तर ‘घा’. शेंबडासारखं चिकट काही दिसलं तर ‘शें’ अशी चौथीही खूण करा, पण ती बहुधा क्वचितच लागेल. रंग रोज लिहायची गरज नाही. रक्तासारखा लाल, डांबरासारखा काळा किंवा पांढुरका मातकट दिसला तरच लिहा. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही शेजारी टाका, कारण बिटाने लाल दिसते आणि लोहाने काळपट होते.

आता दुखणं. तुम्ही बुधवारी ‘खूप दुखत होतं’ लिहिलंय आणि शुक्रवारीही तेच. खूप म्हणजे किती, हे तुमच्याच पट्टीने ठरवू. ० म्हणजे काही नाही, ३ म्हणजे जाणवतं पण काम चालू आहे, ६ म्हणजे काम थांबवून बसावं लागलं, १० म्हणजे आजवर सोसलेली सर्वांत वाईट वेदना. ही पट्टी पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला ६ आणि पहिल्या आठवड्यातला ६ सारखा राहील.

पण आकड्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शौचाच्या आधी किती आणि नंतर किती. कळ ६ वर होती, जाऊन आल्यावर २ वर आली, तर दुखण्याचा शौचाशी काही संबंध आहे. जाऊन आल्यावरही तशीच राहिली, किंवा जेवल्यानंतर अर्ध्या तासाने बरगड्यांखाली उठते आणि शौचाशी तिचं काही देणंघेणं नाही, तर डॉक्टर वेगळ्या वाटेने विचार करतील. जागा सांगायला वैद्यकीय शब्द लागत नाहीत. बेंबी मध्ये धरा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढं पुरे. मुरडा आहे, जळजळ आहे की नुसतं पोट गच्च आहे, हा एक शब्द जोडा. मासिक पाळीच्या दिवसांवर छोटा गोल करा. पाळीच्या आसपास शौच सैल होणं आणि पोट दुखणं पुष्कळ बायकांना असतं, पण गोल नसेल तर तो दोष भलत्याच जेवणावर जातो.

आणि मग ती भेळ. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनाबाहेर खाल्लेली. वहीत तुम्ही तिला आरोपीच करून टाकलंय. पण तोंडातून आत गेलेलं शौच होऊन बाहेर यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, बद्धकोष्ठ असेल तर त्याहून जास्त. बुधवारी पहाटे जे आधी बाहेर पडलं ते बहुधा रविवार-सोमवारचं जेवण होतं. भेळ तेव्हा अजून वाटेत होती. दूषित खाण्याने काही तासांत पोट बिघडू शकतं, हे खरं. पण तेव्हा बहुधा मळमळ, उलटी, ताप असं काही सोबत असतं आणि जुलाब दिवसभर चालतात. तुमचं आठच्या आत आटोपलं, आणि तुम्ही ८:१४ ची गाडी पकडलीत, हेही वहीत आहे.

यातला दुसरा घोळ असा की जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीची सूचना जाते. सकाळचा चहा घेतल्याबरोबर अनेकांना जावंसं वाटतं ते यामुळे. त्या क्षणी बाहेर पडतं ते आधीचं साठलेलं, चहा नव्हे. तरी पेशंट सांगतो, ‘डॉक्टर, चहा सरळ खाली जातो.’ मग चहा सुटतो, पुढे दूध, पुढे गहू, आणि शेवटी माणूस भात-मुगाच्या खिचडीवर येऊन थांबतो. वहीत ‘यामुळे झालं’ असं कुठेही लिहू नका. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, काय झालं, केव्हा झालं एवढंच लिहा. कशामुळे हे तीन आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक आल्या की डॉक्टर शोधतील.

दुधाचं तेवढं वेगळं आहे. दुधातली साखर न पचणाऱ्यांना अर्ध्या तासापासून काही तासांत पोट फुगतं, गुरगुरतं, कधी पातळ होते. म्हणून दूध, बासुंदी, खवा, आइस्क्रीम यांची वेळ काटेकोर लिहा. दही-ताक वेगळं लिहा, कारण ते बऱ्याच जणांना दुधापेक्षा सोसतं.

बाकी जेवणाला एका वेळी एक ओळ. ‘दु. १:३० – २ पोळ्या, मटकीची उसळ, भात १ वाटी.’ फोडणीत काय होतं ते नको. तूप किती हेही नको, पण तळलेलं असेल तर ‘तळण’ लिहा. प्रमाण घरच्या वाटीत, पोळीत, भाकरीत चालेल. कॅलरी मोजायची नाही. चार गोष्टी मात्र सोडू नका, कारण त्या हमखास सुटतात : येता-जाता तोंडात टाकलेलं, बाहेरचं, उपासाचं आणि साखर नसलेली च्युइंगम किंवा गोळ्या. साखरेऐवजी वापरलेले काही गोड पदार्थ पोट सैल करतात, म्हणून ही शेवटची. उपासाचं यासाठी की नेहमी पोळी-भाजी खाणारं पोट संकष्टीला दिवसभर साबुदाणा आणि दाण्याचं कूट यांवर असतं. त्याचा परिणाम झालाच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसेल, तेव्हा उपास कुणाला आठवतही नसतो.

पाण्याचं तुम्ही ‘भरपूर पाणी’ लिहिलंय, पाचही दिवस. त्याच पानावर ‘बाटली अर्धी परत आली’ असंही आहे, एका लिटरची. मी यात तुम्हाला पकडत नाही. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या बायका पाणी का कमी पितात हे मलाही माहीत आहे. डॉक्टरांनाही कळू दे. घरातला नेहमीचा पेला एकदा मापून घ्या, २०० मिली असेल किंवा २५०. मग दिवसभर वहीच्या कोपऱ्यात रेघा मारत जा, पेल्याला एक रेघ. चहा-कॉफीच्या रेघा वेगळ्या. ताक, सरबत, आमटी-सार अशी पातळ गोष्ट आपापल्या जेवणाच्या ओळीत येऊ द्या. ऑफिसात जावंसं वाटलं आणि दाबलं, तर त्या वेळेपुढे ‘दा’ लिहा. दाबलेली वेळ ही पोटाच्या वहीत जेवणाइतकीच महत्त्वाची नोंद आहे. आलेली सूचना वारंवार परतवली की ती क्षीण होत जाते, शौच आतच राहते आणि तिच्यातलं पाणी शोषलं जात राहतं.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं त्या दोन शब्दांकडे येते. मंगळवारच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरात : ‘१०:३०, नेहमीचं घेतलं.’ नेहमीचं म्हणजे काय हे चौदा पानांत कुठेच नाही.

आपल्याकडे हे ‘नेहमीचं’ बहुतेक वेळा चूर्ण असतं आणि ते औषधात धरायची पद्धत नाही. मी ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की ‘काही नाही’ असंच उत्तर येतं. ‘पोट साफ व्हायला काही घेता का?’ असं विचारलं की मग डबी निघते. त्या डबीवरचं लेबल वाचा. सोनामुखी असेल तर तिचा गुण साधारण सहा ते बारा तासांत येतो, आणि येताना पोटात कळा येऊ शकतात. आता तुमचा आठवडा पुन्हा मांडू. मंगळवारी रात्री १०:३० ला ‘नेहमीचं’. बुधवारी पहाटे ५:५० ला पहिली कळ. मध्ये सात तास वीस मिनिटं. पुढच्या दोन तासांत तीनदा, आणि मग शांत. गुरुवार कोरा. शुक्रवारी थोडंसं. आणि शुक्रवारच्या तळाशी पुन्हा ‘नेहमीचं’.

मला जे दिसतं ते असं : आतडं बुधवारी एकदम रिकामं झालं. रिकामं आतडं भरायला दोन-तीन दिवस लागतातच. गुरुवारी काही न होणं हा आजार नव्हता, बाहेर पडण्याजोगं आत फारसं उरलंच नव्हतं. पण तुम्हाला ते ‘पुन्हा अडकलं’ असं वाटलं, शुक्रवारी पुन्हा डोस घेतला आणि शनिवारी पुन्हा तीनदा झालं असेल, तर ‘दोन दिवस नाही, मग एकदम तीनदा’ ही तुमची तक्रार निदान काही प्रमाणात त्या डबीतून येत असेल.

हा माझा अंदाज आहे, पाच दिवसांवरून बांधलेला. ‘नेहमीचं’ म्हणजे इसबगोल असेल तर हे गणित कोसळतं, कारण इसबगोल पाणी धरून फुगतं आणि त्याचा परिणाम दिसायला बारा तासांपासून दोन-तीन दिवस लागतात. एरंडेल असेल तर उलट सहाएक तासांच्या आतच धावपळ व्हायला हवी होती. म्हणूनच नाव, किती चमचे आणि किती वाजता, हे तिन्ही हवं. चूर्णाच्या डबीचा फोटो काढून ठेवलात तर उत्तम. तिच्याबरोबर बाकीची यादीही एकदाच पहिल्या पानावर लिहा : रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची गोळी, वेदनाशामक, अॅसिडिटीचं औषध. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीने काहींना पातळ होते, लोहाने आणि कॅल्शियमने काहींना घट्ट. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही.

चूर्ण तीन आठवडे बंद ठेवू का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो डॉक्टरांना फोन करून विचारा. औषधाविना पोट कसं चालतं हे त्यांना पाहायचं असू शकतं, पण तो निर्णय त्यांचा. त्यांनीच लिहून दिलेलं काही असेल तर स्वतःहून बंद करू नका. आणि या काळात आहारही बदलू नका. वही सुरू केली की हात आपोआप पपईकडे जातो, बाहेरचं सुटतं, पाण्याच्या रेघा वाढतात. मग वहीत एक आदर्श बाई दिसते आणि तपासणीला दुसरीच येऊन बसते.

तुमचा बुधवार मी लिहिला असता तर असा :

बुध. (मंगळ रात्री १०:३० – चूर्ण, नाव ___, १ चमचा)
५:५० – १→५, कुं. कळ आधी ६, बेंबीखाली, मुरडा, नंतर ३
६:२० – ६, घा. कळ ५, नंतर २
७:३५ – ६, थोडी, रा. नंतर ०
९:४५ – चहा, ४ बिस्किटं (ऑफिसात). १:३० – २ पोळ्या, भेंडी, ताक १ पेला. ५ – चहा. ९ – भात, आमटी, १ भाकरी
पाणी ||||  चहा ||  झोप ५ तास

शौचाचे आकडे मी कल्पनेने घातले आहेत, ते तुमचे तुम्ही घाला. झोप मी माझ्या सवयीने मागते. कमी झोपेचे आणि जास्त ताणाचे दिवस पोट विसरत नाही, पण एक आकडा पुरे, रोजनिशी नको.

नोंद जाऊन आल्यावर लगेच करा. रात्री दहाला बसून दिवस आठवायचा म्हटलं की सकाळचा ६ सोयीस्करपणे ५ होतो आणि कळ नेमकी आधी होती की नंतर हे निसटतं. एखादी ओळ चुकलीच तर रिकाम्या जागी ‘विसरले’ लिहा. अंदाजाने भरू नका.

तीन आठवडे झाले की डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून वरच्या पानावर सहा आकडे मांडा : एकूण किती वेळा शौच झाली, त्यात १-२ किती, ६-७ किती, शून्याचे दिवस किती, दुखण्याचे दिवस किती आणि त्यातल्या किती दिवशी जाऊन आल्यावर दुखणं उतरलं. बाहेर पेशंटची रांग असते, बाहेरचे बारा पेशंट थांबवून कुणी वही पानोपान वाचणार नाही. पण हे सहा आकडे एका मिनिटात वाचून होतात आणि मग डॉक्टर नेमकं हवं ते पान उलटतात. हे आकडे मी मनाने निवडलेले नाहीत. तुम्हाला असलेल्या तक्रारींत ‘आयबीएस’ या आतड्याचं कामकाज बिघडण्याच्या आजाराचा विचार होतो, आणि त्याच्या २०१६ च्या निकषांत हेच विचारलं आहे : गेल्या तीन महिन्यांत दुखणं सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस आहे का, आणि ते शौचाशी, शौचाच्या संख्येतल्या बदलाशी, तिच्या रूपातल्या बदलाशी, यांतल्या किमान दोन गोष्टींशी जोडलेलं आहे का. बद्धकोष्ठाचा प्रकार की जुलाबाचा, हेही बिघडलेल्या दिवसांतल्या १-२ आणि ६-७ यांच्या हिश्श्यावरून ठरतं, आणि तेही औषधाविनाच्या दिवसांवरून. निदान वही करत नाही, तपासणी आणि गरज पडेल तशा चाचण्या करून डॉक्टर करतात.

पुढचं काहीही दिसलं तर तीन आठवडे पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. शौचातून रक्त (मूळव्याधच असेल असं स्वतः ठरवू नका), डांबरासारखी काळी चिकट शौच, काही न करता वजन उतरणं, दुखण्याने किंवा शौचाच्या घाईने रात्री झोपेतून जाग येणं, ताप, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही आधीच सांगा. आणि पोट फुगून घट्ट झालं, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, तर वही घरी ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

एक धोका या वहीचाच आहे. काही जणांना तिचा छंद लागतो. प्रत्येक घास लिहिता लिहिता घासाचीच भीती बसते आणि ताटातले पदार्थ कमी होत जातात. तुमची चौदा पानं बघून ही शंका मला थोडी आली. तीन आठवड्यांनंतर वही बंद करा, आणि डॉक्टरांनी मागितली तरच पुन्हा उघडा.

लाजेचं म्हणाल तर वरच्या पद्धतीने लिहिलेलं पान घरात कुणाच्या हाती लागलं तरी त्याला काय कळणार आहे? ‘५:५० – १→५, कुं’ हे लोकलच्या वेळापत्रकासारखं दिसतं. आकड्यांचा आणि अक्षरांचा अर्थ लिहिलेलं पहिलं पान फाडून पर्समध्ये ठेवा, किंवा त्याचा फोटो मोबाइलमध्ये. वहीऐवजी खिशातली छोटी डायरी घेतलीत तर ती न्हाणीघराबाहेरच्या कपाटातही मावेल, आणि नोंद तिथेच उभ्या उभ्या होईल. डॉक्टरांपुढे मात्र पहिलं पान न्यायला विसरू नका, आणि ती डबीही.